रात्री एक पन्नासचं दुखणं

एका बाजूने डोकं दुखलं की आपण मराठी माणसं ते अर्धशिशीच्या खाती टाकून मोकळे होतो. या शब्दाने माझ्या एका पेशंटची चार वर्षं खाल्ली. हे इंदूरच्या रामबागेत राहणारे, सियागंजात किराण्याचं ठोक दुकान असलेले ४२ वर्षांचे गृहस्थ. घरात वहिनींना खरोखरची अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. त्यामुळे नवऱ्याचा उजवा डोळा आणि कानशील ठणकायला लागल्यावर घरच्या घरी निदान झालं: "माझंच यांना लागलं."

ते माझ्याकडे आले ते रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. उजवा डोळा लाल, पापणी किंचित खाली आलेली, त्याच बाजूचं नाक वाहत होतं. गेरीत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, डोळ्यात गुलाल गेला असणार, हा घरच्यांचा तर्क. त्याआधी सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याला दोष देऊन झाला होता, आणि एका वर्षी सायनस समजून अँटिबायोटिकही घेऊन झालं होतं. मी विचारलं, दुखणं नक्की कधी सुरू होतं? त्यांना धड सांगता येईना. वहिनी म्हणाल्या, "थांबा डॉक्टर, कालनिर्णयावर लिहिलंय." दुधाच्या हिशेबाचे आकडे होते, त्यांच्याच शेजारी बारीक अक्षरात वेळा टिपलेल्या.

९ मार्च, रात्री १.५० ते २.४५. १० मार्च, १.४० ते २.३५. ११ मार्च, २ ते ३.०५. असं जवळजवळ रोज. १६ तारखेला, रविवारी, रात्रीच्या जोडीला दुपारीही: जेवून दोनला झोपले, ३.२० ला दुखत उठले, चारला थांबलं. आणि १९ ला, गेरीहून आल्यावर मित्रांबरोबर बिअर घेतली, तर चाळीस मिनिटांत डोळा फुटेल असं दुखू लागलं. गुलाल डोळ्यात जायच्या आधी दहा दिवस हे चालू होतं. गुलाल सुटला.

डोकेदुखीत दुखण्याची जागा फसवते, घड्याळ सहसा फसवत नाही. मायग्रेनचा झटका औषधाविना ४ ते ७२ तास चालतो. वहिनींचं सकाळी सुरू झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरतं. नवऱ्याचं मात्र तासाभरात संपत होतं, आणि रात्री पुन्हा त्याच सुमाराला हजर. याला क्लस्टर हेडेक म्हणतात. क्लस्टर म्हणजे घोस: झटके सुटे येत नाहीत, घोसाने येतात. एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंतचा. दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत. असे काही आठवडे, बऱ्याचदा दीड ते तीन महिने, आणि मग महिनोन्‌महिने काही नाही. बहुतेकांत बाजू ठरलेली असते, तर मायग्रेनची बाजू बदलू शकते आणि ते दोन्ही बाजूंनाही होऊ शकतं. म्हणजे 'अर्धं डोकं' हे वर्णन मायग्रेनपेक्षा यालाच जास्त शोभतं. शब्द चुकीच्या पत्त्यावर गेला, दुसरं काय.

वागण्यातला फरक वहिनींनीच अचूक सांगितला: "माझं दुखतं तेव्हा मी दिवे घालवून निपचित पडते, कुणी हललं तरी नको. हे तर गच्चीवर येरझारा घालतात, भिंतीवर कपाळ दाबतात." मायग्रेनमध्ये हालचालीने दुखणं वाढतं, म्हणून माणूस स्वस्थ पडतो. क्लस्टरमध्ये स्वस्थ बसवतच नाही.

पण मग त्यांना वहिनींच्या गोळीने बरं वाटायचं, त्याचं काय? १.५० ला गोळी घ्यायची, पावणेतीनला दुखणं थांबायचं. कॅलेंडरवर गोळीच्या रात्री फुलीने दाखवल्या होत्या. फुली असलेल्या रात्री साधारण तासभर, फुली नसलेल्या रात्रीही तासभरच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पोटात गेलेली गोळी विरघळून काम सुरू करेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, तोवर झटका आपसूक उतरणीला लागलेला असतो. दात काढल्यावर किंवा नाकात थेंब टाकल्यावर 'बरं झालं' असं या रुग्णांना वाटतं, ते याचमुळे.

इतकं काटेकोर वेळापत्रक कुठून येतं? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. झोप-जागेपणाचं आणि दिवसमानाचं घड्याळ तिथे आहे. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी क्लस्टरच्या रुग्णांना नायट्रोग्लिसरीन देऊन झटका आणला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग, दुखऱ्या बाजूचा, जास्त काम करताना दिसला. अशी चित्रं कारण सिद्ध करत नाहीत, पण झोप लागल्यावर तास-दीड तासाने येणारं दुखणं (रविवारच्या दुपारच्या झोपेनंतरही!) आणि ऋतू बदलताना येणारा घोस या दोन्हींशी त्यांचा मेळ बसतो. डोळ्याभोवतीची वेदना चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून जाते. ती नस चेतली की प्रतिक्षिप्त क्रियेने त्याच बाजूचा डोळा पाझरतो, नाक वाहतं.

दारूचंही वेळापत्रक असतं. घोस चालू असताना एक ग्लास पुरतो, तासाभरात झटका. घोस संपला की तीच दारू पचते. गृहस्थ म्हणाले, "दिवाळीत तर दोन घेतल्या होत्या, काही झालं नाही." म्हणूनच बिअरवर त्यांचा संशय कधी गेला नाही.

निदान जवळजवळ पक्कं वाटलं तरी मी दोन गोष्टी करून घेतल्या. डोळ्याच्या डॉक्टरांकडून डोळ्यातला दाब तपासला, कारण तीव्र काचबिंदूतही डोळा लाल होऊन भयंकर दुखतो. पण त्यात नजर धूसर होते, दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि तो तासाभरात निघून जात नाही. दुसरं, मेंदूचा एमआरआय, कारण पिच्युटरी ग्रंथीजवळची गाठ क्वचित असंच सोंग घेते. दोन्ही ठीक निघाले. झटके अर्ध्या तासापेक्षा कमी आणि दिवसात खूप असते, तर पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया या दुसऱ्या एका डोकेदुखीचा विचार केला असता. त्याचं औषध वेगळं: इंडोमेथासिन.

झटक्यावर न्यूरॉलॉजिस्टने ऑक्सिजन सांगितला: मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी असलेल्या मास्कमधून, पंधरा-वीस मिनिटं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पंधरा मिनिटांनी आराम मिळणारे ऑक्सिजनवर ७८ टक्के, साध्या हवेवर २० टक्के होते. घरात कोविडच्या वेळचा कॉन्सन्ट्रेटर पडलेला होता, पण तो जेमतेम ५ लिटर देणारा, इथे निरुपयोगी. सिलिंडर आणला. बारा लिटरने पंधरा मिनिटं म्हणजे १८० लिटर. मधल्या आकाराच्या, दीड हजार लिटरच्या सिलिंडरमध्ये आठ झटके निघतात. सिगारेट त्या खोलीतून बाहेर, हे मी दोनदा बजावलं. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे आग.

घोस आटोक्यात यावा म्हणून व्हेरापामिल सुरू झालं, आणि ते चढेपर्यंत थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. व्हेरापामिल हृदयाचे ठोके मंद करू शकतं, म्हणून मात्रा वाढवताना दर टप्प्याला ईसीजी. तो टाळायचा नाही, रुग्ण कितीही ठणठणीत दिसला तरी.

एप्रिलच्या मध्यापासून कॅलेंडरवर पुन्हा नुसतं दूधच उरलं. नंतर वहिनींनी मागच्या वर्षीचं कालनिर्णय शोधून आणलं, मागच्या कोऱ्या पानावर किराण्याचा हिशेब असल्याने ते टाकलं नव्हतं. मार्चच्या पानावर ५ तारखेला त्यांच्याच अक्षरात होतं, "यांचा डोळा, रात्री २."