सहउत्पादन, उपउत्पादन आणि रेसिपीचा उतारा (ईआरपी)

प्रक्रिया उद्योगात एकाच कच्च्या मालातून एकाच वेळी निघणाऱ्या अनेक पदार्थांची मात्रा आणि किंमत ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीत मांडण्याची पद्धत. यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू होते. दूध, साखर, तेल आणि रसायनांच्या कारखान्यात हेच उलटे घडते: एक वस्तू फोडली की अनेक निघतात. जोडणीसाठी घडलेली साहित्य-यादी तशीच वापरली, तर बेरीज जुळत नाही.

मुख्य पदार्थाच्या बरोबरीने ज्याच्यासाठी प्रक्रिया चालवली जाते आणि ज्याने खर्चाचा वाटा उचलायचा असतो, ते सहउत्पादन. आपोआप निघणारे, तुलनेने कमी मोलाचे, ते उपउत्पादन. ही ओळख पदार्थाची कायमची नसते. साखर कारखान्यात मळी हे उपउत्पादन. पण इथेनॉलसाठी मुद्दाम साखर मागे ठेवून बी-हेवी मळी काढली, की तिला शिल्लक म्हणणे चूक ठरते आणि तिच्यावर खर्चाचा वाटा घालावा लागतो.

दुधाचे उदाहरण यासाठी सर्वांत स्वच्छ आहे. सेपरेटरमध्ये १०,००० किलो दूध गेले. फॅट ४ टक्के; एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, ८.५ टक्के. क्रीम ४० टक्के फॅटचे हवे आहे आणि स्किम दुधात ०.०५ टक्के फॅट राहते. क्रीम किती निघेल हे फॅटच्या ताळेबंदावरून ठरते:

```
क्रीम = दूध × (दुधाचे फॅट − स्किमचे फॅट) ÷ (क्रीमचे फॅट − स्किमचे फॅट)
     = १०,००० × ३.९५ ÷ ३९.९५ = ९८८.७ किलो
```

उरलेले ९,०११.३ किलो स्किम. दुधातल्या ४०० किलो फॅटपैकी सुमारे ३९५.५ किलो क्रीममध्ये आणि ४.५ किलो स्किममध्ये जाते. ८५० किलो एसएनएफपैकी क्रीममध्ये अंदाजे ५२.५ आणि स्किममध्ये ७९७.५ किलो. हा हिशेब घट न धरता केला आहे.

आता किंमत. समजा, खरेदीचा दर फॅटला ४०० रुपये किलो आणि एसएनएफला २५० रुपये किलो आहे. दुधाची किंमत ३,७२,५०० रुपये होते, म्हणजे किलोला ३७.२५. वजनाप्रमाणे वाटले, तर क्रीम आणि स्किम दोन्ही ३७.२५ रुपये किलोने साठ्यात जातात. मग तूप विभाग भरघोस नफ्यात दिसतो, भुकटी विभाग तोट्यात दिसतो आणि दोन्ही आकडे खोटे असतात. घटकांप्रमाणे वाटले, तर क्रीमवर १,७१,३२५ रुपये आणि स्किमवर २,०१,१७५ रुपये येतात: क्रीम सुमारे १७३ रुपये किलो, स्किम सुमारे २२ रुपये. दुधाचा दरच फॅट-एसएनएफवर ठरत असल्याने कच्च्या मालाची हीच वाटणी रास्त आहे. जिथे असा घटक-दर नसतो, तिथे विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटतात. भारतीय लेखा मानक इंड एएस २ ही पद्धत मान्य करते. किरकोळ मोलाचे उपउत्पादन निव्वळ वसुलीमूल्याने, म्हणजे विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणाऱ्या रकमेने, धरून ती रक्कम मुख्य पदार्थाच्या खर्चातून वजा करण्याची मुभाही त्यात आहे.

एसएपी या ईआरपी प्रणालीत ही वाटणी अशी बसते. पदार्थाच्या मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतल्या त्याच्या मूळ नोंदीत, सहउत्पादनाची खूण करून विभागणी-रचना जोडतात आणि तिच्यात खर्चाच्या वाट्याचे प्रमाण सांगणारे समतुल्य अंक देतात. आपल्या उदाहरणात क्रीम ४६, स्किम ५४. साहित्य-यादीत मुख्य पदार्थ वरती असतो आणि दुसरे सहउत्पादन ऋण मात्रेने, खुणेसह येते. उपउत्पादनही ऋण मात्रेनेच येते, पण खुणेशिवाय. हे उणे चिन्ह राहून गेले, तर प्रणाली स्किम निर्माण करण्याऐवजी साठ्यातून खर्ची टाकते. साठ्याच्या प्रत्येक हालचालीला संकेतांक असतो: कच्चा माल 261 ने बाहेर पडतो, सहउत्पादन 101 ने जमा होते, उपउत्पादन 531 ने. सहउत्पादनाला उत्पादन-ऑर्डरच्या खर्चातून वाटा मिळतो, उपउत्पादन मात्र स्वतःच्या मास्टरमधल्या दराने ऑर्डरला जमा देते. म्हणून लोणी काढताना निघणाऱ्या ताकाचा दर बाजारभावापेक्षा चढा ठेवला, तर लोणी कागदावर स्वस्त होते आणि ताक विकताना तोटा निघतो. दर शून्य ठेवला, तर ताकाची सगळी कमाई पुढे नफा म्हणून उगवते आणि लोणी विनाकारण महाग दिसते.

उताऱ्याची, म्हणजे आत गेलेल्या मालातून किती माल निघाला याच्या हिशेबाची, गफलत याहून जास्त वेळा होते. रेसिपी ४ टक्के फॅटवर लिहिलेली असते आणि आलेला टँकर ३.७ टक्क्यांचा असतो. वरच्या सूत्राने ९१३.६ किलोच क्रीम निघते. प्रमाण उताऱ्याशी ताडले तर ७५ किलोंची घट दिसते, आणि सेपरेटर चालवणाऱ्याला जाब विचारला जातो. वास्तविक ते फॅट टँकरमध्ये आलेच नव्हते. प्रमाण रेसिपीवरून आपोआप जमा करण्याची सोय चालू असेल, तर गडबड अधिक खोल जाते: टाकीत नसलेले ७५ किलो क्रीम कागदावरच्या साठ्यात उभे राहते आणि ही तूट महिनाअखेरच्या मोजणीत उघडी पडते.

उपाय एवढाच, की उतारा किलोत मोजायचा नाही, फॅट-किलोत मोजायचा. बॅचला फॅट आणि एसएनएफ ही गुणवैशिष्ट्ये जोडून ‘किलो’ आणि ‘फॅट-किलो’ अशी दोन एकके ठेवतात. रसायनांत आणि औषधांत सक्रिय घटकाची तीव्रता याच प्रकारे धरतात. मग ३७० किलो फॅट आत गेले आणि किती बाहेर आले, एवढाच प्रश्न उरतो. स्किममध्ये ०.०५ ऐवजी ०.१० टक्के फॅट लागले, तर घट खरी आहे: साधारण ४.५ ऐवजी ९ किलो फॅट स्किममध्ये गेले. तेव्हा दुधाचे तापमान, यंत्रातून जाणारा प्रवाह आणि बाउलमध्ये साचलेला गाळ तपासायचा. फॅट मोजणारी गर्बर चाचणी क्रीममध्ये ४२ टक्के दाखवते आणि नोंद ४० ची होते, तेव्हा मात्र चूक यंत्राची नसते, नोंदीची असते. दोन्हींत फरक किलोच्या अहवालात दिसत नाही, फॅटच्या अहवालात लगेच दिसतो.

घट रेसिपीत एकाच जागी लिहायची. धुण्याच्या पाण्यातून जाणारे ०.३ टक्के दूध आत येणाऱ्या मालावर घट म्हणून धरले आणि क्रीमची मात्राही त्यासाठी आधीच कमी केली, तर तीच घट दोनदा कापली जाते. मोजणीत दर महिन्याला थोडा साठा ‘जास्त’ निघू लागला, तर पहिला संशय यावर घ्यावा.

नियोजनातली मर्यादा प्रक्रियेचीच असते. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात १ टन क्लोरीनमागे सुमारे १.१३ टन सोडा निघतो. मागणी कशीही असो, प्रमाण हलत नाही. दिवाळीत तुपासाठी क्रीम ओढले, की स्किम त्या मानाने तुंबते आणि भुकटी करून ठेवावे लागते. म्हणून नियोजन एकाच अग्रपदार्थावर चालवतात आणि दुसऱ्याची आवक त्याच ऑर्डरमधून धरतात. दोघांनाही स्वतंत्र उत्पादन-ऑर्डर निघू दिल्या, तर प्रणाली तेच दूध दोनदा मागवते.