चौकट गुण्यात बसवणे

दाराची चौकट भिंतीत पक्की करण्याआधी ती सरळ उभी आहे का आणि तिचे कोपरे काटकोनात, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत ‘गुण्यात’, आहेत का हे पाहण्याची रीत. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) आडवी पातळी सांगते, ओळंबा उभी रेषा दाखवतो आणि कर्णांच्या मापांवरून कोपरे कळतात. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही. आख्खी चौकट एका अंगाला कलली तरी तिचे दोन्ही कर्ण सारखेच भरतात.

पाणसळ आधी स्वतःच तपासावी लागते, आणि नवशिके नेमके हेच विसरतात. ती फळीवर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे, मग त्याच जागी टोकांची अदलाबदल करून पुन्हा ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला, समजा खिडकीकडे, सरकला तर फळी तिरकी आहे. एकदा खिडकीकडे आणि एकदा दाराकडे गेला तर पाणसळीतच खोट आहे.

ओळंब्याच्या दोरीत ओवलेला ठोकळा वजनाइतकाच रुंद असतो. तो चौकटीच्या उभ्या बाजूला वर टेकवून वजन खाली सोडावे आणि झोका थांबू द्यावा. वजन लाकडाला जेमतेम शिवले तर बाजू ओळंब्यात आहे. ते लांब राहिले तर वरचे टोक आपल्याकडे झुकले आहे. लाकडावर रेलून दोरीला तिरकी करत असेल तर खालचे टोक पुढे आले आहे. ही तपासणी समोरून आणि बाजूने, अशी दोनदा करावी.

आता कर्ण. चौकट आतून 90 सेंमी रुंद आणि 210 सेंमी उंच आहे असे धरू. खाली उंबरा नसेल तर पाय फाकू नयेत म्हणून तात्पुरती पट्टी ठोकतात. आधी वरची व खालची रुंदी आणि दोन्ही उंची मोजाव्यात, कारण वर 90 आणि खाली 91 असतानाही कर्ण सारखे येऊ शकतात. समजा एक कर्ण 229 आणि दुसरा 228 भरला. या फरकाचा अर्थ वरची आडवी पट्टी सुमारे सव्वा सेंटिमीटर सरकली आहे. लांब कर्णाचे वरचे टोक हळूहळू आत दाबावे आणि दोन्ही मापे 228.5 वर आली की थांबावे. मग कोपऱ्यात तिरकी पट्टी ठोकून तो आकार धरून ठेवावा.

चौकट पिळली असेल तर मात्र कर्ण ते सांगत नाहीत. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन सुतळ्या ताणाव्यात. त्या मधोमध एकमेकींना नुसत्या शिवल्या पाहिजेत.

पाचर मारताना चौकट पुन्हा हलते, म्हणून चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी होल्डफास्टभोवती काँक्रीट भरण्याआधी आणि भरल्यावर लगेच ओळंबा परत लावावा. भिंत वाकडी असली तरी चौकट भिंतीप्रमाणे वळवू नये. तो फरक गिलाव्यात भरून निघतो. काँक्रीट घट्ट होईपर्यंत पट्ट्या काढत नाहीत.