पाच लाखांचा विमा, तरी खिशातून बत्तीस हजार

"आई-बाबांच्या पॉलिसीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच लाखांचा विमा हाये, म्हणजे तेवढ्यापर्यंतचं बिल कंपनीच भरते ना?"

नाही. पानावर ‘फ्लोटर’ लिहिलंय, म्हणजे वर्षभराचे पाच लाख दोघांत मिळून. खाली को-पेमेंट, म्हणजे बिलातला तुमचा वाटा, २० टक्के आहे. खरी मेख तिथेच. समजा यवतमाळहून नागपूरला नेऊन भरती केलं आणि बिल १,२०,००० झालं. हातमोजे, नोंदणी शुल्क असे वगळलेले १०,००० आधी कापले जातील. उरलेल्या १,१०,००० चे २० टक्के, म्हणजे २२,००० तुमचे. कंपनी देईल ८८,०००, आणि कापलेले १०,००० धरून तुमच्या खिशातून जातील ३२,०००.

मोतीबिंदूला याच पानावर २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे. पॉलिसी १४ महिन्यांचीच असेल तर एक रुपयाही मिळणार नाही, पाच लाख जसेच्या तसे शिल्लक असले तरी. शक्य असेल तर ऑपरेशन दहा महिने लांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, आणि तोवर नूतनीकरण चुकवू नका.