कप्पी आणि लोंबते वजन: एका जुन्या उदाहरणाची पार्श्वभूमी

वहीतल्या किंवा पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून विचारलं जाणारं एक उदाहरण असं: 2 किलोग्रॅम वस्तुमानाची, 20 सेंटीमीटर त्रिज्येची भरीव कप्पी आडव्या आसावर बसवली आहे. तिच्यावर दोरी गुंडाळून टोकाला 0.5 किलोग्रॅमचं वजन टांगलं आहे. वजन सोडल्यावर कप्पीचं कोनीय त्वरण किती?

या उदाहरणातली प्रत्येक राशी वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आली. सुरुवात कप्पीपासून झालेली नाही, लंबकापासून झाली. खऱ्या लंबकात वस्तुमान एका बिंदूत नसतं, मग त्याचा झोका कोणत्या लांबीच्या साध्या लंबकाइतका, हा प्रश्न सतराव्या शतकात गाजत होता. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी 1673 च्या आपल्या घड्याळावरील ग्रंथात त्याचं उत्तर दिलं. त्यात प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले आसापासूनच्या अंतराचा वर्ग, यांची बेरीज लागते. राशी हाती आली, पण तिला नाव नव्हतं. ते लिओनार्ड ऑयलर यांनी दिलं. दृढ वस्तूंच्या गतीवरील त्यांच्या 1765 च्या लॅटिन ग्रंथात ही बेरीज ‘मोमेंटम इनर्शिए’ म्हणून येते. मराठी पाठ्यपुस्तकातलं ‘जडत्व आघूर्ण’ हे त्याच संज्ञेचं रूप.

कप्पी आणि वजनांची जोडी प्रयोगशाळेत रुळवली ती केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी. त्यांचं 1784 चं पुस्तक या यंत्राचं सविस्तर वर्णन करतं. मुक्तपणे पडणारी वस्तू हाताने मोजता येईल इतकी सावकाश पडत नाही, म्हणून कप्पीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी वजनं टांगायची आणि एका बाजूला थोडं जास्त ठेवायचं. त्वरण लहान होतं आणि घड्याळाच्या ठोक्यांवर मोजता येतं. कप्पीचा आस त्यांनी चार चाकांवर टेकवला होता, म्हणजे घर्षण कमी. चाकांनाही फिरवावं लागतं हे त्यांनी दुर्लक्षिलं नाही. त्यांचं जडत्व ‘इतक्या वजनाबरोबर’ असं प्रयोगाने काढून हलत्या वजनांत मिळवलं. माझ्या मते या उदाहरणातला सर्वांत उपयोगी विचार हाच आहे.

आजच्या चिन्हांत जडत्व आघूर्ण I आणि त्रिज्या R, तर ती बरोबरीची राशी म्हणजे I/R². आपल्या कप्पीसाठी I = ½MR² = ½ × 2 × 0.2² = 0.04 kg·m². त्याला R² = 0.04 ने भागलं की 1 किलोग्रॅम मिळतो. म्हणजे दोरीच्या दृष्टीने 2 किलोची कप्पी 1 किलोच्या सरळ ओढायच्या वस्तूसारखी वागते. (कडेला सगळं वस्तुमान असलेलं कडं असतं, तर ते पूर्ण 2 किलोसारखं वागलं असतं.)

आता समीकरणं. दोरीतला ताण T आणि कोनीय त्वरण α धरलं, तर वजनासाठी mg − T = ma, कप्पीसाठी TR = Iα, आणि दोरी घसरत नाही म्हणून a = Rα. यातून

a = mg/(m + I/R²) = 4.9/1.5 ≈ 3.27 m/s²
α = a/R ≈ 16.3 rad/s²
T = m(g − a) ≈ 3.27 N

सर्वांत जास्त चूक होते ती दोरीतला ताण mg, म्हणजे 4.9 न्यूटन, धरण्यात. मग α = 4.9 × 0.2 / 0.04 = 24.5 rad/s² येतं, खऱ्या उत्तराच्या दीडपट. चूक ओळखणं सोपं आहे: ताण वजनाइतकाच असेल तर वजनावर निव्वळ बल शून्य, मग ते त्वरणाने खाली जाणारच नाही. ताण वजनापेक्षा कमी असलाच पाहिजे. कप्पी फार हलकी घेतली की हा फरक उलट अतिशय मोठा होतो: T जवळजवळ शून्य, आणि a जवळजवळ g.

फोटोतल्या उदाहरणांत आणखी दोन गोष्टी घात करतात. आकृतीतला बाण केंद्रातून कडेपर्यंत आहे की आरपार, हे नीट पाहावं. व्यास त्रिज्या म्हणून घेतला तर या उदाहरणात a तेवढाच राहतो, कारण I/R² मध्ये R कटतो, पण α निम्मं होतं. म्हणून a बरोबर आला म्हणून निर्धास्त होऊ नये. दुसरी गोष्ट: कप्पी ‘तबकडी’ आहे की I थेट दिलेला आहे, हे फोटोच्या कापलेल्या कडेत राहून गेलेलं असू शकतं.

अ‍ॅटवूडना ज्या घर्षणाची काळजी होती, ते या गणितात नाही. पदवीच्या प्रयोगशाळेतला फ्लायव्हीलचा प्रयोग ते मोजतो: वजन सुटेपर्यंत n फेरे, सुटल्यावर थांबेपर्यंत N फेरे मोजायचे. दर फेऱ्याला सारखीच ऊर्जा घर्षणात जाते असं धरलं, की वजन सुटण्यापूर्वीची घर्षणातली ऊर्जा N फेऱ्यांवरून काढता येते, आणि घर्षण हिशेबात धरून I मिळतो.