मंत्र्याची सही आणि तोडलेलं कुलूप

११ नोव्हेंबर १७६२ रोजी लंडनमधल्या स्टेपनी भागात जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात सरकारी हुकूम बजावणारे राजाचे चार जासूद शिरले. त्यांतला एक नेथन कॅरिंग्टन. कपाटांची आणि पेट्यांची कुलुपं त्यांनी तोडली, चार तास घर उपसलं आणि हाती लागले ते कागद, नकाशे, पत्रकं उचलून नेली. ‘द मॉनिटर’ या साप्ताहिकातल्या सरकारविरोधी लिखाणात एन्टिकचा हात आहे, असा संशय होता. जासुदांकडे वॉरंट होतं आणि त्यावर मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांची सही होती.

एन्टिकने या चौघांवर दावा लावला. परवानगीवाचून आवारात घुसलेल्या शेजाऱ्यावर लावतात तसाच, साधा अतिक्रमणाचा. मला या खटल्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. राज्यसत्तेला आव्हान देण्यासाठी त्याने कुठलाही थोर सिद्धान्त मांडला नाही. माझ्या घरात शिरून माझ्या वस्तूंना हात लावलात, आता कोणत्या अधिकाराने ते सांगा, एवढंच विचारलं.

१७६५ साली सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला. दुसऱ्याच्या मालमत्तेत पाऊल टाकणं, ते कितीही किरकोळ असो, हे अतिक्रमणच. ज्याने ते टाकलं त्याने आपल्याला तशी मुभा देणारा कायदा दाखवायचा. जासुदांच्या वकिलांचं म्हणणं होतं की अशी वॉरंटं वर्षानुवर्षं निघत आली आहेत. कॅम्डेन यांचं उत्तर असं की हा कायदा असेल तर तो आमच्या ग्रंथांत सापडेल, आणि तिथे सापडत नसेल तर तो कायदा नव्हे. मग राज्याच्या गरजेचा मुद्दा पुढे आला, तोही त्यांनी फेटाळला. मंत्र्याची सही निरुपयोगी ठरली आणि एन्टिकला ३०० पौंड भरपाई मिळाली.

सत्ता माणसाच्या हाती असण्यापेक्षा कायद्याच्या हाती असावी, हा कायद्याच्या राज्याचा विचार अ‍ॅरिस्टॉटलइतका जुना आहे. पण तो प्रत्यक्षात कसा चालतो, हे अशा खटल्यांतून दिसतं. १८८५ साली इंग्रज घटनातज्ज्ञ ए. व्ही. डायसी यांनी त्यालाच घटनाशास्त्रातल्या तत्त्वाचं रूप दिलं. त्यांच्या मांडणीत पंतप्रधानापासून साध्या पोलिसापर्यंत प्रत्येकजण, कायद्याचा आधार नसलेल्या कृत्यासाठी, सामान्य न्यायालयात सामान्य माणसासारखाच उत्तरदायी असतो. वरून हुकूम होता, ही सबब चालत नाही. हुकूम पाळणाऱ्यालाच भरपाई मोजावी लागेल असं कळलं, की तो हुकूम नीट वाचतो.

या तटबंदीला दोन भगदाडं होती. एक तेव्हाही दिसण्यासारखं होतं, दुसरं बऱ्याच उशिरा दिसलं.

पहिलं असं. सत्तेने कायदा दाखवला पाहिजे हे ठीक, पण कायदा करणाराही सत्ताधारीच असेल तर? ३ जुलै १९३४ रोजी जर्मनीत एका वाक्याचा कायदा झाला. ३० जून, १ आणि २ जुलै या दिवशी देशद्रोही हल्ले मोडून काढण्यासाठी केलेली कृत्यं ही राज्याचा स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून कायदेशीर होती, एवढाच त्याचा आशय. त्या तीन दिवसांत हिटलरच्या आदेशावरून पक्षातल्या आणि पक्षाबाहेरच्या नकोशा माणसांना खटल्याविना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. कॅम्डेन यांच्या कसोटीला, शब्दशः घेतलं तर, या कायद्यात काही खोट काढता येत नाही. ग्रंथात शोधा, सापडेल.

अमेरिकन विधिज्ञ लॉन फुलर यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. नाझी राजवटीतल्या अशा पूर्वलक्षी आणि गुप्त कायद्यांवर ते लिहीत होतेच. १९६४ साली त्यांनी कायद्याला कायदा म्हणता यावं यासाठीच्या आठ अटी मांडल्या. तो सर्वांना सारखा लागू, जाहीर, आधी केलेला आणि समजण्याजोगा असावा. त्यात परस्परविरोध नसावा, त्याने अशक्य ते मागू नये, तो रोज बदलू नये. आठवी अट मला सर्वांत अवघड वाटते: अधिकारी प्रत्यक्षात जे करतात ते छापलेल्या नियमाशी जुळलं पाहिजे. ही अट मोडली आहे हे कायद्याचं पुस्तक चाळून कधीच कळत नाही, त्यासाठी ठाण्यातली वही पाहावी लागते.

या अटींची मर्यादा १९७७ साली कायद्याचे तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांनी दाखवली. सुरी धारदार असणं हा तिचा गुण, पण त्या धारेने भाजी चिरायची की गळा, हे धार ठरवत नाही. स्पष्ट, जाहीर आणि काटेकोरपणे अमलात येणारा कायदा अन्यायकारकही असू शकतो. मला हे पटतं. कायद्याच्या राज्यात लोकशाही, समता आणि सगळी न्यायबुद्धी कोंबली, की त्या शब्दाने काहीच नेमकं मोजता येत नाही.

दुसरं भगदाड पडलं ते टेलिफोनमुळे. जेम्स मॅलोन या जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यावर चोरीचा माल बाळगल्याचा खटला चालू होता. तपास अधिकाऱ्याच्या वहीत मॅलोनच्या एका फोनवरच्या संभाषणाचा तपशील निघाला, तेव्हा गृहमंत्र्यांच्या वॉरंटवर ते चोरून ऐकल्याचं सरकारपक्षाने मान्य केलं. मॅलोनने एन्टिकचाच प्रश्न विचारला: कोणत्या कायद्याने? असा अधिकार देणारा कायदा नव्हताच. तरीही १९७९ साली न्यायाधीश मेगॅरी यांनी दावा फेटाळला. कारण संभाषण टिपलं गेलं ते त्याच्या घराबाहेर, टेलिफोनच्या यंत्रणेत. कोणी उंबरा ओलांडला नव्हता, कुलूप तोडलं नव्हतं. म्हणजे अतिक्रमण नाही, आणि जे मना नाही ते सरकारलाही मोकळं. या विषयावर कायदा व्हायलाच हवा, असंही त्यांनी स्पष्ट बजावलं.

एन्टिकला वाचवणारी कसोटी दाराच्या कुलपावर टेकलेली होती, हे इथे उघड झालं. सत्तेला दारातून यायची गरज उरली नाही, की ती कसोटी गप्प बसते.

मॅलोन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी जिंकला. फुलर आणि रॅझ ज्या वाटेने विचार करत होते, त्या वाटेने जाणारा हा निकाल आहे. कायदा आहे की नाही, एवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. त्याचा दर्जा त्याने तपासला. तुझा फोन अमुक दिवशी ऐकणार आहोत असं संशयिताला आधी कळवावं, अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या अटींवर फोन ऐकला जाऊ शकतो, हे नागरिकाला कळण्याइतका कायदा स्पष्ट हवा. इंग्लंडमधल्या पद्धतीत कोणता भाग नियमाने बांधलेला आणि कोणता मंत्र्याच्या मर्जीवर सोडलेला, हेच खात्रीने सांगता येत नव्हतं. गुपचूप वापरल्या जाणाऱ्या अधिकारात मनमानीचा धोका सर्वांत जास्त, म्हणून त्याच्या सीमा लेखी हव्यात.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ब्रिटिश संसदेने कायदा केला. वॉरंटशिवाय फोन ऐकणं गुन्हा ठरलं, वॉरंटची कारणं लिहिली गेली आणि तक्रारीसाठी न्यायाधिकरण आलं. सही मात्र मंत्र्याचीच राहिली, हॅलिफॅक्स यांच्या काळात होती तशी. त्या सहीला न्यायिक आयुक्ताने मान्यता दिल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, ही अट २०१६ च्या कायद्याने आली, आणि तीही तातडीच्या वेळी मान्यता नंतर घेण्याची सवलत ठेवून.