मधला चल आणि बाजूचा चल

शैक्षणिक संशोधनाच्या आराखड्यात चलांची नावं लिहायची वेळ आली की स्वाश्रयी आणि आश्रयी चल बहुतेकांना जमतात. आपण जे बदलतो ते स्वाश्रयी, त्यामुळे जे बदलेल असं वाटतं ते आश्रयी. अडतं ते मध्यस्थ आणि नियामक या दोन चलांपाशी. नावं सारखीच भारदस्त, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सर्रास लिहिलं जातं. तिथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत बसतं.

एक प्रयोग कल्पू. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि दिंडोरी तालुक्यांतल्या २० प्राथमिक शाळा, इयत्ता चौथी. चिठ्ठ्या टाकून १० शाळा निवडल्या. तिथे १२ आठवडे रोज २० मिनिटं जोडीने मोठ्याने वाचायचा सराव. उरलेल्या १० शाळांत नेहमीप्रमाणे शिकवणं. शेवटी सगळ्यांना न वाचलेल्या उताऱ्यांवर ४० गुणांची आकलन चाचणी. निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलतात, निम्म्यांच्या घरी कोकणा बोली, असं धरू. (गोव्याची कोकणी वेगळी, ही डांगाकडची.) पुढचे आकडेही उदाहरणापुरतेच आहेत.

सराव मिळाला की नाही, हा स्वाश्रयी चल. आकलनाचे गुण, हा आश्रयी चल. सराव न मिळालेल्या मुलांची सरासरी १८ आली, मिळालेल्यांची २४. म्हणजे परिणाम ६ गुणांचा.

आता प्रश्न असा की सरावातून गुणांपर्यंत वाट कुठून जाते? एक अंदाज: सरावाने वाचन अस्खलित होतं, अक्षरं जुळवण्यात खर्च होणारं लक्ष मोकळं होतं आणि ते अर्थाकडे वळतं. तसं असेल तर वाचनाचा वेग हा मध्यस्थ चल. तो सरावामुळे बदलतो आणि बदलल्यावर पुढे गुणांना बदलवतो. बाणांनी काढलं तर तो दोघांच्या मधोमध बसतो.

त्याचं मोजमाप साधं असलं तरी सैल चालत नाही. मुलासमोर अनोळखी उतारा ठेवायचा, घड्याळ लावून एक मिनिट वाचायला द्यायचं आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. तीन सेकंद अडला तर तो शब्द चूक धरून पुढे न्यायचं. स्वतःच दुरुस्त केलं तर चूक नाही. असे तीन उतारे घेऊन मधला आकडा धरायचा. आणि ‘पाणी’चं ‘पानी’ असं बोलीप्रमाणे उच्चारलं तर ती चूक मोजायची नाही. मोजली तर मुलाचा वेग नव्हे, त्याची घरची भाषाच मोजली जाते.

हे मोजमाप आठव्या आठवड्याला घ्यावं, आकलन चाचणी बाराव्याला. दोन्ही एकाच दिवशी घेतली तर वेगाने आकलन वाढलं की अर्थ कळू लागल्यामुळे वेग वाढला, हे सांगता येत नाही. प्रयोगाआधीही दोन्ही एकदा मोजलेली असावीत.

समजा सराव मिळालेली मुलं मिनिटाला १५ शब्द जास्त वाचू लागली. आणि एकाच गटातली दोन मुलं घेतली तर ज्याचा वेग एका शब्दाने जास्त, त्याचे गुण सरासरी ०.२४ ने जास्त. १५ × ०.२४ = ३.६. म्हणजे ६ पैकी ३.६ गुण वेगाच्या वाटेने आले. उरलेले २.४ दुसऱ्या कुठल्या वाटेने: शब्दसंग्रह वाढला असेल, जोडीदाराशी बोलताना काही उमगलं असेल. ते या प्रयोगातून कळणार नाही.

इथे नेहमी एक घोळ होतो. कुणीतरी सुचवतं, ‘मुलांचा वेग वेगवेगळा आहे, तो सारखा धरून तुलना करा म्हणजे न्याय होईल.’ तसं केलं की परिणाम ६ वरून २.४ वर येतो आणि अहवालात लिहिलं जातं, सरावाचा उपयोग बेताचाच. वास्तविक सरावाने जे काम केलं तेच आपण वजा केलेलं असतं. प्रयोगाआधीचा वेग सारखा धरणं ठीक, त्यानंतरचा नाही.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. सराव कोणाला मिळेल हे चिठ्ठीने ठरलं, पण कोणाचा वेग किती वाढेल हे चिठ्ठीने ठरलेलं नाही. ज्या घरात गोष्टीची पुस्तकं आहेत तिथलं मूल भरभर वाचतंही आणि त्याला समजतंही. मग ०.२४ मधला काही भाग त्या पुस्तकांचा असतो. म्हणून ‘३.६ गुण वेगामुळेच’ असं छातीठोकपणे लिहू नये.

आता घरची भाषा. १२ आठवड्यांच्या सरावाने कोणाची घरची भाषा बदलत नाही, त्यामुळे ती मध्यस्थ असूच शकत नाही. पण सरावाचा परिणाम किती होईल हे ती ठरवू शकते. मराठी घरांतल्या मुलांची सरासरी १९ वरून २७, कोकणा घरांतल्यांची १७ वरून २१. एकीकडे ८ चा फरक, दुसरीकडे ४ चा. हा नियामक चल. चित्रात तो वाटेवर नसतो, बाजूला उभा राहून बाणाची जाडी कमीजास्त करतो.

मराठी बोलणाऱ्यांचे गुण मुळातच जास्त आहेत, १९ विरुद्ध १७, यावरून भाषा नियामक ठरत नाही, हे लक्षात घ्या. पुरावा आहे तो ८ आणि ४ यांच्यातल्या अंतराचा, आणि चाचणीही त्याच अंतराची करावी लागते. एका गटात परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय, दुसऱ्यात नाही, म्हणून भाषा नियामक, हा युक्तिवाद प्रबंधांत दिसतो आणि तो चूक आहे. दोन्ही गटांत मुलांची संख्या सारखीच असली तरी अशा अंतरातली प्रमाण त्रुटी एकूण परिणामातल्या त्रुटीच्या दुप्पट असते. तितकाच नेमकेपणा हवा तर चौपट मुलं लागतात. मुलं एकाच शाळेत, एकाच शिक्षकाकडे असल्यामुळे खरी गरज शाळा वाढवण्याची.

खरी गंमत दोन्ही चल एकत्र ठेवल्यावर दिसते. समजा वेग दोन्ही गटांत सारखाच, १५ शब्दांनी वाढला. पण मराठी घरांत एका शब्दामागे ०.३६ गुण मिळाले, कोकणा घरांत ०.१२. म्हणजे वेगाच्या वाटेने एकीकडे ५.४ गुण आले, दुसरीकडे १.८. भाषेने पहिल्या बाणाला हातही लावला नाही, अडवलं ते दुसऱ्या बाणाला. मूल ‘सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास पडली’ हे न अडखळता वाचतं, पण सुगी म्हणजे काय विचारलं की गप्प. गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र हेच सांगतं: वाचनाचं आकलन म्हणजे शब्द वाचता येणं गुणिले ती भाषा समजणं. एक घटक तोकडा असला की दुसरा कितीही वाढवा, गुणाकार अडून राहतो. अशा वर्गात सरावाची २० मिनिटं ४० करून फारसं साधणार नाही; उताऱ्यातले शब्द आधी कोकणा बोलीत बोलून घ्यावे लागतील. योगायोग म्हणजे मध्यस्थ आणि नियामक यांतला फरक सविस्तर मांडणारा बॅरन आणि केनी यांचा गाजलेला लेखही १९८६ चाच.

एकच गोष्ट दोन्ही भूमिकांत येऊ शकते, त्यामुळे नावावरून ठरवू नये. गेल्या वर्षीची हजेरी हा नियामक होऊ शकतो, कारण ती सरावाआधीच ठरून गेली. या १२ आठवड्यांतली हजेरी मात्र मध्यस्थ असू शकते, कारण वाचायला जमू लागलं म्हणून मूल शाळेत जास्त येत असेल. हजेरीपट तोच, फक्त पान कोणत्या महिन्याचं उघडलं ते बघायचं.