सरासरी पातळी नियंत्रण

रासायनिक कारखान्यात दोन यंत्रणांमध्ये बसवलेल्या सर्ज टाकीची पातळी मुद्दाम वरखाली होऊ देऊन पुढे जाणारा प्रवाह हळूहळू बदलण्याची ही पद्धत आहे. जलविद्युत केंद्रातल्या सर्ज टाकीचे काम वेगळे असून तिचा इथे संबंध नाही. टाकीपुढे डिस्टिलेशन कॉलम असेल, तर फीडमधल्या प्रत्येक धक्क्याने कॉलमचे तापमान आणि मालाची शुद्धता हलते. अशा टाकीची पातळी ५० टक्क्यांवर घट्ट धरून ठेवली, तर आत आलेला धक्का जसाच्या तसा पुढे जातो आणि टाकी असूनही नसल्यासारखी होते.

समजा, पातळीच्या ० ते १०० टक्क्यांत ३० घनमीटर द्रव मावतो आणि बाहेरचा प्रवाह ताशी ६० घनमीटरपर्यंत जाऊ शकतो. नेहमीचा प्रवाह ताशी ३० आहे. आवक एकदम ताशी ६ घनमीटरने, म्हणजे पल्ल्याच्या १० टक्क्यांनी वाढली. कंट्रोलर फक्त प्रपोर्शनल, म्हणजे पातळी ५० टक्क्यांपासून जितकी ढळेल त्या प्रमाणात जावक बदलणारा असून गेन १०, म्हणजे पातळीच्या १ टक्क्याला जावकेत १० टक्के बदल असेल, तर पातळी जेमतेम १ टक्का चढते, पण दहा मिनिटांत जवळजवळ सगळी वाढ कॉलमवर आदळते. गेन ०.५ ठेवला तर पातळी सावकाश ७० टक्क्यांवर जाऊन स्थिरावते. तासाभरात सहापैकी पावणेचार घनमीटरचीच वाढ पुढे गेलेली असते.

गेन ठरवायला अपेक्षित मोठ्यात मोठा प्रवाहबदल भागिले पातळीची परवानगी असलेली हालचाल, एवढा हिशेब पुरतो. २० टक्क्यांचा बदल आणि ४० टक्क्यांची हालचाल धरली, तर ०.५ मिळतो. त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता असेल, तर दोन्ही टोकांजवळ गेन वाढवावा. नाहीतर टाकी ओसंडेल किंवा पंप कोरडा पडेल.

पातळी ५० वर परतली नाही की अनेकांना चैन पडत नाही, म्हणून फरक उरेल तोवर जावक बदलत राहणारे इंटिग्रल जोडले जाते. पण चढलेली पातळी उतरवायची तर जावक काही काळ आवकेपेक्षा जास्त ठेवावीच लागते, त्यामुळे थोपवलेला धक्का उलट वाढून पुढे जातो. खरा घात इंटिग्रलचा वेळ कमी ठेवल्याने होतो. वरच्या टाकीला गेन ०.५ आणि इंटिग्रल १० मिनिटे दिली, तर पातळी आणि प्रवाह सुमारे अडीच तासांच्या लाटांत डोलू लागतात. लाटा दिसल्या की हात सवयीने गेन कमी करायला जातो. इथे त्याने लाटा आणखी लांबतात आणि विरायला जास्त वेळ घेतात. इंटिग्रल हवेच असेल, तर त्याचा वेळ कमाल प्रवाहाने टाकी भरण्याच्या वेळेच्या, म्हणजे इथे ३० मिनिटांच्या, चौपटीला गेनने भागून घ्यावा. इथे तो २४० मिनिटे येतो.

लाटा कंट्रोलरच्याच आहेत की मागून येतात, हे पाहण्यासाठी तो काही वेळ मॅन्युअलवर घेऊन जावक स्थिर ठेवावी आणि पातळीवर लक्ष ठेवावे. पातळी एकाच दिशेने संथ सरकत राहिली तर दोष कंट्रोलरच्या मांडणीत किंवा अडकणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. डोलणे चालूच राहिले, तर मागच्या यंत्रणेकडे जावे.